न्याहारी चुकली तर एकाग्रता ढळते का? उत्तर सर्वांसाठी एक नाही

नवी दिल्ली : सकाळची न्याहारी न करता शाळेत वा कामावर गेल्यास मेंदू नीट काम करत नाही, असे घराघरांत सांगितले जाते. गेल्या चार दशकांतील प्रयोगांनी या समजुतीला सरसकट दुजोरा दिलेला नाही आणि ती सरसकट फेटाळलेलीही नाही. न्याहारी चुकवणारी व्यक्ती कोण आहे, तिचे वय काय आणि तिचे आजवरचे पोषण कसे झाले आहे, यावर उत्तर अवलंबून असल्याचे त्यांतून दिसते.

केवळ पाहणीवरून याचा निवाडा करणे कठीण असते. न्याहारी न करणारी मुले अभ्यासात मागे असल्याचे अनेक पाहण्यांत आढळते. परंतु अशी मुले बहुधा गरीब घरांतील असतात, रात्री उशिरा झोपलेली असतात किंवा त्यांचे पालक पहाटेच कामावर गेलेले असतात. त्यामुळे मागे पडण्याचे कारण रिकामे पोट, अपुरी झोप की घरची परिस्थिती, हे वेगळे करता येत नाही. त्यासाठी तेच मूल एकदा न्याहारीसह आणि एकदा न्याहारीविना तपासावे लागते.

जमैकातील प्रयोग

असा एक प्रयोग डोनाल्ड सिमियन आणि सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या संशोधकांनी जमैकात केला. त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. नऊ ते साडेदहा वर्षे वयाची ९० मुले निवडून त्यांचे तीसतीसचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटातील मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. दुसऱ्या गटातील मुलांना लहानपणी तीव्र कुपोषण झाले होते. तिसऱ्या गटातील मुलांची वाढ व्यवस्थित होती.

मुलांना रात्रभर संशोधन कक्षात ठेवले गेले, त्यामुळे कोणी घरून काही खाऊन येण्याची शक्यता राहिली नाही. सकाळी एकदा न्याहारी आणि आठवड्याच्या अंतराने एकदा केवळ चहा देण्यात आला. या चहात साखरेऐवजी उष्मांक नसलेला गोडवा वापरला होता. दोन्ही वेळा त्याच प्रकारच्या चाचण्या घेतल्या गेल्या. ठरावीक वेळात एखाद्या प्रकारातील जास्तीत जास्त वस्तूंची नावे सांगणे, आकड्यांसमोर ठरवून दिलेली चिन्हे भराभर लिहिणे, ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणणे आणि अंकगणित यांचा त्यांत समावेश होता.

निष्कर्ष गटागटांत वेगळे निघाले. उंची खुंटलेल्या आणि पूर्वी कुपोषित असलेल्या मुलांचे गुण न्याहारीविना नावे सांगण्याच्या व चिन्हे लिहिण्याच्या चाचणीत घसरले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांना आकडे उलटे म्हणणे जड गेले. व्यवस्थित वाढ झालेल्या मुलांमध्ये मात्र अशी घसरण दिसली नाही. उलट अंकगणितात त्यांचे गुण न्याहारीविना अधिक आले. एका सकाळच्या भुकेची झळ आधीच पोषण कमी पडलेल्या मुलांना बसली, हे या प्रयोगाचे सार.

मुलांना भूक अधिक का जाणवते

प्रौढांचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्केच असतो, तरीही विश्रांतीच्या अवस्थेत शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो. लहान मुलांत हा वाटा याहून बराच मोठा असतो. रात्रभराच्या उपासात रक्तातील साखर टिकवण्याचे काम यकृतातील साठा करतो. मुलांमध्ये हा साठा लहान आणि मेंदूची मागणी मोठी असते, शिवाय मुले झोपतातही जास्त वेळ. स्नायू व चरबी कमी असलेल्या मुलाकडे राखीव ऊर्जा आणखी कमी असते.

भारतातील एका शाळकरी मुलाचा दिवस पाहिल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. रात्री आठला जेवलेले मूल सकाळी केवळ चहा घेऊन शाळेत आले आणि त्याला दुपारी एक वाजता माध्यान्ह भोजन मिळाले, तर दोन जेवणांतील अंतर १७ तासांचे होते. दूध-साखरेच्या चहाने थोडी ऊर्जा मिळते, पण त्याने न्याहारीची जागा भरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती; महाराष्ट्रातील प्रमाण ३५.२ टक्के होते. जमैकाच्या प्रयोगात ज्या गटाला फटका बसला, त्याच प्रकारची ही मुले आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यान्ह भोजनाच्या जोडीला न्याहारी देण्याची शिफारस आहे. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी १,५४५ सरकारी प्राथमिक शाळांत न्याहारी योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेली. उपमा, खिचडी, पोंगल असे शिजवलेले पदार्थ वर्ग भरण्यापूर्वी दिले जातात.

अशा योजनांकडून किती अपेक्षा ठेवावी, याचे भानही जमैकातील पुढील संशोधन देते. ग्रामीण भागातील १६ शाळांमधील ८१४ मुलांच्या अभ्यासात निम्म्या मुलांना वर्षभर न्याहारी, तर उरलेल्यांना संत्र्याची फोड देण्यात आली. न्याहारी घेणाऱ्यांची उंची, वजन आणि उपस्थिती थोडी वाढली; अंकगणितातील सुधारणा मात्र लहान वर्गातील मुलांपुरतीच दिसली. दुसऱ्या एका अभ्यासात सुसज्ज शाळेत न्याहारीनंतर मुलांचे लक्ष अभ्यासात अधिक राहिले, तर गर्दीच्या, अव्यवस्थित वर्गांत मुलांचे वर्तन बिघडले. पोट भरलेले मूल शिकण्यास तयार होते, पण त्याला शिकवणारा वर्गही लागतो.

नोकरदारांचे काय

प्रौढांबाबत चित्र बरेच वेगळे आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या डेव्हिड मोरो यांच्या नेतृत्वाखाली २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सुमारे साडेतीन हजार सहभागींवरील अभ्यास एकत्र तपासले गेले. उपवासाचा कालावधी साधारण १२ तासांचा होता. स्मरण, लक्ष व निर्णयक्षमता यांत उपाशी आणि जेवलेल्या निरोगी प्रौढांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. १२ तासांहून लांबलेल्या उपवासात कामगिरी किंचित घटली, आणि मुलांमध्ये घट अधिक दिसली.

म्हणजे रात्री साडेनऊला जेवून सकाळी दहाला कार्यालयात बसलेल्या निरोगी व्यक्तीची एकाग्रता केवळ न्याहारी न केल्याने ढळेल, असे मानण्यास आधार नाही. अशा व्यक्तीला जडपणा जाणवत असेल, तर अपुरी झोप किंवा नेहमीचा चुकलेला चहा-कॉफी ही कारणेही तपासावीत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी काही औषधे घेणाऱ्यांना मात्र हा निष्कर्ष लागू होत नाही. न्याहारी टळल्यास त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर व गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे होत.

घरी किंवा शाळेत पारख करायची असल्यास एका दिवसावर निष्कर्ष काढू नये. मूल मधल्या सुट्टीआधीच्या तासांत सुस्त किंवा चिडचिडे असते आणि खाल्ल्यानंतर सावरते, असे दोन आठवडे सातत्याने दिसले, तर कारण भूक असण्याची शक्यता अधिक. खाऊनही ते तसेच पेंगुळलेले राहिले, तर आधी त्याच्या झोपेकडे लक्ष द्यावे लागेल.