‘रक्कम मिळाली, धन्यवाद’ एवढ्याने भागत नाही! प्रायोजकाच्या हप्त्याची पोच कशी लिहावी?

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ठरला, प्रायोजक मिळाला, रक्कमही हप्त्यांत ठरली. पहिला हप्ता जमा झाला की संस्थेचा खजिनदार व्हॉट्सअॅपवर लिहितो, ‘रक्कम मिळाली, धन्यवाद.’ पुढचे बरेच वाद या एका ओळीतून सुरू होतात. किती रक्कम, कोणत्या हप्त्याची आणि तिच्या बदल्यात काय मिळणार, यातले काहीच त्यात नसते.

करारात काय ठरले होते?

उदाहरणासाठी एक सार्वजनिक न्यास आणि एक गृहबांधणी कंपनी घेऊ. मुख्य प्रायोजकत्व ५ लाख रुपयांचे. सही होताच २ लाख, १२ ऑक्टोबरपर्यंत २ लाख आणि कार्यक्रमानंतर १ लाख, असे तीन हप्ते. बदल्यात कंपनीला मिळणार आहे: कार्यक्रमाच्या नावाआधी कंपनीचे नाव, प्रवेशिकांवर आणि मंचामागच्या पडद्यावर बोधचिन्ह, प्रवेशद्वाराशी दोन कमानी, पुढच्या रांगांतल्या ४० खुर्च्या. शिवाय दुसरा कोणताही बांधकाम व्यावसायिक प्रायोजक घ्यायचा नाही, ही अट.

बहुतेक करारांत हप्ते एका पानावर आणि लाभ दुसऱ्या पानावर असतात. कोणत्या हप्त्यावर कोणता लाभ सुरू होतो, हे कुठेच नसते. हे काम पोचपावतीने करायचे असते. ते करताना एक साधा प्रश्न उपयोगी पडतो: एकदा दिल्यावर कोणता लाभ परत घेता येत नाही?

छापलेली प्रवेशिका परत घेता येत नाही. कमान मात्र आदल्या रात्रीही उभारता येते, खुर्च्यांवरचे राखीव कागद पहाटेही लावता येतात. दुसरा बांधकाम व्यावसायिक न घेण्याची अट कागदावर फुकटची दिसते, पण सही झाल्या दिवसापासून संस्था इतरांना नकार देऊ लागते. म्हणजे संस्थेचा खर्च तिथूनच सुरू होतो. म्हणून ही अट आणि समाजमाध्यमांवरचे नाव पहिल्या हप्त्याशी जोडावे, छपाई, पडदा, कमानी आणि खुर्च्या दुसऱ्याशी. तिसऱ्या हप्त्याला नवा लाभ नसतो. तो काम झाल्याच्या पुराव्यावर मिळतो.

४ हजार कुठे गेले?

पहिल्या हप्त्याचे २ लाख यायचे होते, बँकेत आले १ लाख ९६ हजार. खजिनदाराला वाटते, कंपनीने कमी दिले. प्रत्यक्षात कंपनीने २ टक्के टीडीएस कापलेला असतो. प्रसिद्धीच्या बदल्यात दिलेले प्रायोजकत्व हे जाहिरातीचे कंत्राट धरले जाते, म्हणून ही कपात. हे ४ हजार संस्थेच्या नावे सरकारकडे जातात आणि पुढे २६एएस या विवरणात दिसतात. पण लगेच नाही. जुलै ते सप्टेंबरच्या कपातीचे विवरणपत्र भरायची मुदत ३१ ऑक्टोबर असते. त्यामुळे पोच लिहिताना ‘टीडीएस मिळाला’ असे लिहू नये, ‘आपण कळवल्याप्रमाणे कपात’ असे लिहावे. हप्ता मात्र पूर्ण २ लाखांचाच धरावा.

जीएसटीबाबतही अशीच गफलत होते. इथे संस्था न्यास आहे आणि प्रायोजक कंपनी, म्हणून हा कर कंपनीने स्वतः थेट सरकारला भरायचा असतो. संस्थेने बिलात तो लावायचा नसतो. आयोजकच कंपनी असेल, तर १६ जानेवारी २०२५ पासून नियम उलटा आहे. तेव्हा आयोजकाने कर लावून बिल द्यावे लागते.

आणखी एक सवय मोडायला हवी, ती देणगीच्या पुस्तकातली पावती फाडण्याची. कमानी आणि खुर्च्यांच्या बदल्यात आलेली रक्कम देणगी नव्हे.

पोच अशी लिहिता येईल

‘२० सप्टेंबरच्या करारातील एकूण ५,००,००० रुपयांपैकी पहिला हप्ता: २,००,००० रुपये. आपण कळवल्याप्रमाणे टीडीएस ४,००० रुपये. २४ सप्टेंबरला आमच्या खात्यात जमा १,९६,००० रुपये (सोबत यूटीआर क्रमांक). पहिला हप्ता पूर्ण.

या हप्त्यावर आजपासून सुरू: समाजमाध्यमांवरील सर्व जाहिरातींत कार्यक्रमाच्या नावाआधी आपले नाव. इतर बांधकाम व्यावसायिकांचे प्रायोजकत्व बंद.

दुसरा हप्ता पूर्ण जमा झाल्यावर सुरू: १,५०० प्रवेशिकांवर बोधचिन्ह, मंचाच्या पडद्यावर उजवीकडे ३ बाय २ फुटांचे बोधचिन्ह, दोन कमानी, ४० खुर्च्या. प्रवेशिका १४ ऑक्टोबरला सायंकाळी ५ वाजता छपाईला जातील. तोपर्यंत हप्ता न आल्यास त्या आपल्या बोधचिन्हाशिवाय छापल्या जातील.

तिसरा हप्ता, १,००,००० रुपये: कार्यक्रमाची छायाचित्रे आणि प्रवेशिकेचा नमुना पाठवल्यापासून १५ दिवसांत.’

छपाईची वेळ सांगणारे वाक्य कडक वाटते, म्हणून अनेक जण ते गाळतात. ते गाळू नये. प्रायोजकाच्या जाहिरात विभागातला माणूस तेच वाक्य दाखवून आपल्या लेखा विभागाकडून पैसे सोडवून घेतो. ‘३ बाय २ फूट’ असे मापही लिहावे, नाहीतर ‘मंचावर बोधचिन्ह’ म्हणजे केवढे, हा वाद पहाटे पाचला मंडपात होतो.

अर्धाच हप्ता आला तर?

खरी परीक्षा इथे असते. ११ ऑक्टोबरला बँकेत ९८ हजार आले, तेही एका जाहिरात संस्थेच्या खात्यातून. आधी विचारून घ्यावे की ही रक्कम याच प्रायोजकाच्या वतीने आहे का आणि टीडीएस कोण भरणार. उत्तर लेखी यायला हवे. कारण कपात जाहिरात संस्थेने केली असेल, तर २६एएसमध्ये तिचेच नाव येईल आणि प्रायोजकाच्या नावाशी जुळवताना खजिनदार गोंधळेल.

मग पोच जाते: ‘दुसऱ्या हप्त्यापोटी १,००,००० रुपये (जमा ९८,०००, टीडीएस २,०००). बाकी १,००,००० रुपये. दुसरा हप्ता अपूर्ण.’ शेवटचा शब्द महत्त्वाचा. तो नसेल तर प्रायोजक दुसरा हप्ता दिला असे समजतो, संस्था नाही असे समजते आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

अर्ध्या रकमेवर काय सुरू करायचे, हे त्या दिवशी मैत्रीखातर ठरवू नये. करारातच लिहून ठेवावे. एक व्यवहार्य पद्धत अशी, की अर्ध्या हप्त्यावर एक कमान आणि २० खुर्च्या द्याव्यात. छपाई मात्र पूर्ण हप्त्यावरच. ‘नंतर स्टिकर चिकटवू’ ही तोड प्रत्येक मंडळाला सुचते. १,५०० प्रवेशिकांवर स्टिकर चिकटवायला बसलेले कार्यकर्ते पुन्हा ती सुचवत नाहीत.

चेक आला असेल तर पोचेत ‘चेक वटल्यावर लागू’ असे लिहावे आणि लाभ सुरू झाल्याची तारीख चेक मिळाल्याची नव्हे, रक्कम जमा झाल्याची धरावी. प्रत्येक नव्या पोचेत आधीच्या हप्त्याची स्थितीही एका ओळीत यावी. वर्षअखेरीला लेखापरीक्षक तीन वेगवेगळे मेसेज शोधत बसत नाही, तो शेवटचाच कागद मागतो.