उलटीत शेवटी पिवळे-हिरवे पाणीच का पडते? पोटाबद्दल तो रंग काय सांगतो?

नागपूर : लग्नसराईचे दिवस, वर विदर्भाचे ऊन. रामदासपेठ-धंतोली भागातल्या औषधांच्या दुकानांत अशा दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "रात्रभर उलट्या झाल्या, आता नुसते पित्त पडतेय, काहीतरी गोळी द्या." गोळी बहुतेक वेळा ॲसिडिटीची मागितली जाते. पण उलटीतले पिवळे-हिरवे पाणी हे जठरातले ॲसिड नसते. ते जठरात तयारही होत नाही. मग ते येते कुठून?

'पित्त' एक, द्रव दोन

गोंधळाचे मूळ शब्दात आहे. छातीत जळजळ झाली की आपण 'पित्त झाले' म्हणतो आणि पिवळे पाणी पडले की 'पित्त पडले' म्हणतो. प्रत्यक्षात हे दोन वेगळे द्रव आहेत.

पहिला जठररस. तो जठराच्या अस्तरात तयार होतो. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. तो जवळपास रंगहीन असतो आणि चवीला आंबट लागतो.

दुसरा पित्तरस, म्हणजे बाइल. तो यकृतात तयार होतो. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. काही भाग पित्ताशयात साठतो आणि जेवणानंतर नळीवाटे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये उतरतो. तिथे त्याचे काम तेल-तुपाचे बारीक थेंब करून ते पचण्याजोगे बनवणे. हा रस पिवळा असतो आणि चवीला कडू.

त्यामुळे उलटीनंतर तोंड आंबट झाले की कडू, यावरूनही बाहेर काय आले याचा अंदाज येतो.

खालचा रस वर कसा येतो?

जठर आणि ड्युओडेनम यांच्यामध्ये स्नायूंचे एक दार आहे, पायलोरस. ते एरवी अन्न थोडे थोडे खाली सोडते आणि वर फारसे येऊ देत नाही. पित्तनळी या दाराच्या पुढे काही सेंटीमीटरवर उघडते. म्हणजे पित्तरस जठरात यायचा तर त्याला उलट दिशेने दार ओलांडावे लागते.

उलटीच्या वेळी नेमके हेच घडते. मेंदूकडून उलटीचा आदेश सुटला की लहान आतड्याच्या मधल्या भागातून उलट दिशेने एक मोठी लाट निघते. पायलोरस सैल पडतो आणि आतड्यातला मजकूर काही सेकंदांत जठरात ढकलला जातो. त्यानंतर उमासे सुरू होतात. श्वासमार्ग बंद असताना छाती-पोटामधला पडदा आणि पोटाचे स्नायू एकदम आवळले जातात. शेवटी जोराचा दाब येऊन सगळे तोंडावाटे बाहेर पडते.

म्हणजे पित्तरस पहिल्या उलटीतही असू शकतो. फक्त तेव्हा जठर अन्नाने भरलेले असते आणि रंग त्यात हरवतो.

एका रात्रीचे उदाहरण

समजा, रात्री ९ वाजता लग्नात जेवण झाले आणि पदार्थ बराच वेळ उघड्यावर राहिल्याने बिघडलेला होता. स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या विषाचा त्रास साधारण १ ते ६ तासांत सुरू होतो. रात्री १ वाजता पहिली उलटी होते. तिच्यात भात, भाजी ओळखू येते. २ वाजता दुसरी. त्यात थोडे अन्न, बाकी आंबट पाणी. ३ वाजता फेसाळ, फिकट पिवळे पाणी. ५ वाजेपर्यंत उमासे जोरात येतात, पण बाहेर पडतात दोन-चार घोट गडद पिवळे किंवा हिरवट, अतिशय कडू पाणी.

आजार दर तासाला वाढत गेला म्हणून रंग बदलला, असे नाही. जठर रिकामे होत गेले आणि प्रत्येक लाटेबरोबर आलेला पित्तरस पातळ करायला वर काही उरले नाही.

पिवळ्याचे हिरवे का होते? पित्तरसाला पिवळा रंग बिलिरुबिनमुळे येतो. जुन्या लाल रक्तपेशी मोडल्या की हे रंगद्रव्य बनते. त्याचे ऑक्सिडेशन झाले की हिरवे बिलिव्हर्डिन तयार होते. जठरातल्या आम्लात, थोडा वेळ थांबलेला पित्तरस म्हणून हिरवट दिसतो.

रंगावरून काय कळते, काय नाही

मोठ्या माणसात तीन-चार उलट्यांनंतर आलेला पिवळा-हिरवा रंग दोन गोष्टी सांगतो : जठर रिकामे आहे आणि पायलोरसचे दार उघडे आहे. आजार कोणता, हे तो सांगत नाही. अन्नातून विषबाधा, मायग्रेन, गरोदरपणातल्या उलट्या, दारूचा अतिरेक या सगळ्यांत शेवटी असेच पाणी पडते.

'पिवळे पडले, म्हणजे विकार निघून गेला' हा समजही तपासायला हवा. आयुर्वेदातील वमन या पंचकर्मात शेवटी पित्त दिसणे हे थांबण्याचे लक्षण मानले जाते, आणि ते वैद्याच्या देखरेखीखाली केले जाते. घरी मीठपाणी पिऊन, घशात बोटे घालून 'पित्त काढत' राहिल्याने शरीरातले पाणी आणि क्षार तेवढे जातात. वारंवार जोर लागून अन्ननलिकेला चीर पडून रक्तही येऊ शकते. ॲसिडिटीच्या गोळीने जठरातले ॲसिड कमी होते. पित्तरसाचे वर येणे तिने थांबत नाही.

अशा वेळी गरज असते पाण्याची. उलटीनंतर साधारण दहा मिनिटे थांबून ओआरएसचे चमचा-चमचा घोट घ्यावेत. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवावे. पेलाभर पाणी एकदम प्यायले की जठर ताणले जाते आणि उमासे पुन्हा येतात.

हाच रंग धोक्याचा केव्हा?

नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, तर एकदाही वाट पाहू नये. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि रक्तपुरवठा तुटून काही तासांत आतडे निकामी होऊ शकते. तपासणीनंतर कारण साधे निघाले तरी हरकत नाही, पण तपासणी त्याच दिवशी, लगेच हवी.

याउलट, काही बाळांमध्ये साधारण ३ ते ६ आठवड्यांच्या वयात पायलोरसचा स्नायूच जाड होतो. ती बाळे दूध पिचकारीसारखे जोरात ओकतात, पण उलटी पांढरीच राहते. दारच बंद, त्यामुळे पित्तरस वर येऊ शकत नाही. म्हणून बाळाला तपासताना डॉक्टरांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "उलटीचा रंग कोणता होता?" फोनवर फोटो काढून ठेवला तर उत्तर नेमके देता येते.

मोठ्यांमध्ये हिरव्या उलटीसोबत पोट फुगले, कळा येऊ लागल्या, गॅस आणि शौच बंद झाले, तर अडथळा पित्तनळीच्या पुढे आतड्यात असू शकतो. पूर्वी पोटाचे ऑपरेशन झालेल्यांनी तर हे अजिबात अंगावर काढू नये. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण दिसले, सात-आठ तास लघवी झाली नाही, उभे राहताच चक्कर आली किंवा घोटभर पाणीही टिकेना, तर औषधाच्या दुकानाऐवजी थेट रुग्णालय गाठावे.