घसारा दोन, कर एक : यंत्रसामग्रीवरील आस्थगित कराचा हिशेब

२० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजी येथे देशांतर्गत कंपन्यांच्या आयकरात कपात जाहीर केली. ठरावीक सवलतींवर पाणी सोडणाऱ्या कंपन्यांना मूळ दर २२ टक्के, अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के झाला. मोठ्या कंपन्यांसाठी तोपर्यंतचा कमाल दर ३४.९४४ टक्के होता. या निर्णयानंतर नवा दर स्वीकारणाऱ्या कंपन्यांच्या ताळेबंदातील एक आकडा एक रुपयाही न देता-घेता बदलला. तो आकडा म्हणजे आस्थगित कर, अर्थात डेफर्ड टॅक्स. तो जन्मतो कोठे आणि मोजतात कसा, हे कारखान्यातील एका यंत्राच्या आधारे नीट उलगडते.

एका यंत्राची दोन वये

हुबळी-धारवाड परिसर औद्योगिक व्हॉल्व्हच्या उत्पादनासाठी ओळखला जातो. असे व्हॉल्व्ह बनविणारी एक छोटी खासगी कंपनी उदाहरणादाखल कल्पू. तिने १ एप्रिल रोजी ६० लाख रुपयांचे यंत्र घेऊन त्याच दिवशी वापरात आणले. आता या यंत्राची झीज दोन कायदे दोन रीतींनी मोजतात.

कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य १५ वर्षे धरले जाते आणि अखेरीस उरणारे मूल्य सामान्यतः मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक धरत नाहीत. आपल्या यंत्राचे अवशिष्ट मूल्य ३ लाख रुपये. उरलेले ५७ लाख १५ वर्षांत सारखे वाटले, की वर्षाला ३ लाख ८० हजार रुपये घसारा येतो. भागधारकांना दाखविल्या जाणाऱ्या हिशेबात हाच आकडा जातो.

आयकर कायद्याला यंत्राच्या आयुष्याशी कर्तव्य नाही. सर्वसाधारण यंत्रसामग्रीच्या गटावर दरवर्षी उरलेल्या मूल्याच्या १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी ६० लाखांवर ९ लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ५१ लाखांवर ७ लाख ६५ हजार, अशी रक्कम उतरत जाते. आरंभी जास्त, पुढे कमी असा हा क्रम आहे. कारखाने नवी यंत्रे घ्यावीत यासाठी करातला दिलासा सुरुवातीलाच द्यावा, असा त्यामागचा हेतू.

पहिल्या वर्षाचा हिशेब

घसारा वजा करण्यापूर्वी कंपनीचा नफा ४० लाख रुपये आहे आणि तिने २५.१६८ टक्क्यांचा दर निवडला आहे, असे मानू. पुस्तकी नफा ३६ लाख २० हजार होतो. करपात्र उत्पन्न मात्र ३१ लाखच आहे. म्हणजे प्रत्यक्ष भरावयाचा कर ७,८०,२०८ रुपये.

येथे थांबून ताळेबंद बंद केला तर काय दिसेल? ३६ लाख २० हजारांच्या नफ्यावर कर केवळ २१.५५ टक्के. कंपनीने एखादी कायमची सवलत मिळविली असे वाचणाऱ्याला वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. यंत्राच्या किमतीतून दोन्ही हिशेबांत वजा होणारी रक्कम कालांतराने जवळपास सारखीच राहणार आहे. आज करहिशेबात जो ५ लाख २० हजारांचा जास्तीचा घसारा घेतला, तो पुढच्या वर्षांतून उचललेला आहे. त्यावर आज वाचलेला कर पुढे भरावा लागणार. म्हणून ५,२०,००० × २५.१६८ टक्के, म्हणजे १,३०,८७४ रुपयांची तरतूद नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून आणि ताळेबंदात आस्थगित कर दायित्व म्हणून दाखविली जाते. दोन्ही मिळून एकूण कर ९,११,०८२ रुपये. तो पुस्तकी नफ्याच्या नेमका २५.१६८ टक्के भरतो.

हा केवळ कागदी सोपस्कार नाही. तरतूद केली नसती तर करोत्तर नफा १ लाख ३१ हजारांनी फुगलेला दिसला असता. त्याच्या आधारे लाभांश वाटला गेला असता, तर पुढच्या वर्षांतील कराचा पैसा आजच्या भागधारकांच्या खिशात गेला असता.

दायित्व चढते आणि उतरते

दुसऱ्या वर्षीही घसाऱ्यापूर्वीचा नफा ४० लाखच धरू. करघसारा ७ लाख ६५ हजार, पुस्तकी घसारा ३ लाख ८० हजार. या वर्षाचा फरक ३ लाख ८५ हजार आणि त्यावरील तरतूद ९६,८९७ रुपये. ताळेबंदातील एकूण दायित्व आता २,२७,७७० रुपये होते.

हाच आकडा सरळ मार्गानेही मिळतो आणि जाणकार तोच मार्ग आधी धरतात. वर्षअखेरीस यंत्राचे पुस्तकी मूल्य ५२ लाख ४० हजार, आयकरातील उरलेले मूल्य ४३ लाख ३५ हजार. फरक ९ लाख ५ हजार. त्याला दराने गुणले की अखेरचे दायित्व. त्यातून आरंभीचे दायित्व वजा केले की वर्षाची तरतूद. दोन मार्गांची उत्तरे जुळली नाहीत, तर चूक कोठेतरी आहे हे निश्चित.

यंत्र जुने होत जाते तसे चित्र पालटते.

| वर्षअखेर | पुस्तकी मूल्य (लाख रु.) | आयकरातील मूल्य (लाख रु.) | फरक (लाख रु.) |
|---|---|---|---|
| १ | ५६.२० | ५१.०० | ५.२० |
| २ | ५२.४० | ४३.३५ | ९.०५ |
| ६ | ३७.२० | २२.६३ | १४.५७ |
| ७ | ३३.४० | १९.२३ | १४.१७ |
| १५ | ३.०० | ५.२४ | −२.२४ |

सहाव्या वर्षापर्यंत करघसारा पुस्तकी घसाऱ्याहून अधिक असतो आणि दायित्व सुमारे ३ लाख ६७ हजारांपर्यंत चढते. सातव्या वर्षी करघसारा ३ लाख ३९ हजारांवर येतो. पुस्तकी घसारा ३ लाख ८० हजारच असतो. त्या वर्षी करपात्र उत्पन्न पुस्तकी नफ्याहून जास्त ठरते, प्रत्यक्ष कर वाढतो आणि साठविलेल्या दायित्वातून सुमारे १० हजार रुपये उलट नोंदीने परत घेतले जातात. पंधराव्या वर्षाच्या अखेरीस तर आयकरातील मूल्य पुस्तकी मूल्याच्या वर जाते आणि दायित्वाच्या जागी सुमारे ५६ हजारांची आस्थगित कर मालमत्ता उभी राहते. अशी मालमत्ता दाखविण्यासाठी भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे लेखा मानक २२ एक अट घालते: पुढे तेवढे करपात्र उत्पन्न होण्याची वाजवी खात्री हवी. कंपनीकडे न भरून निघालेला तोटा किंवा न वापरलेला घसारा साचलेला असेल, तर अट आणखी कडक होऊन पुराव्याने सिद्ध होणारी जवळपास पूर्ण खात्री लागते. कारखाना सतत तोट्यात चालला असेल, तर हा आकडा पाहणाऱ्याने या अटीची विचारणा अवश्य करावी.

घसरण्याच्या जागा

पहिली जागा वापरात आणण्याच्या तारखेची. यंत्र वर्षात १८० दिवसांहून कमी वापरात असेल, तर करघसारा निम्मा मिळतो. लीप वर्ष नसेल तर ही सीमा ३ ऑक्टोबरला येते. त्या दिवशी यंत्र चालू झाले तर १८० दिवस भरतात, एक दिवस उशीर झाला तर नाही. आपले यंत्र १ जानेवारीला चालू झाले असते, तर करघसारा साडेसात टक्क्यांनी ४ लाख ५० हजार आणि पुस्तकी घसारा तीन महिन्यांचा, म्हणजे ९५ हजार झाला असता. फरक ३ लाख ५५ हजार. पुस्तकी घसारा महिन्यांच्या हिशेबाने चालतो आणि करघसारा पूर्ण किंवा अर्धा, ही विषमता विसरून दोन्हीकडे सारखेच महिने लावणे ही नेहमीची चूक.

दुसरी जागा यंत्र विकण्याची. आयकरात प्रत्येक यंत्राचे वेगळे खाते नसते. एकाच दराची सारी यंत्रे एका गटात असतात आणि विक्रीची रक्कम त्या गटाच्या मूल्यातून वजा होते. पुस्तकात मात्र त्या यंत्राचे मूल्य काढून टाकून नफा किंवा तोटा लगेच नोंदविला जातो. त्यामुळे फक्त दोन घसाऱ्यांची वजाबाकी करणाऱ्याचा हिशेब विक्रीच्या वर्षी हमखास बिघडतो. साऱ्या यंत्रांचे एकूण पुस्तकी मूल्य आणि गटाचे एकूण करमूल्य समोरासमोर ठेवले, तर हा फरक आपोआप पकडला जातो. मात्र त्या बेरजेत जमीन मिसळू देऊ नये, कारण तिच्यावर आयकरात घसारा मिळत नाही.

तिसरी जागा दराची. जुन्या व्यवस्थेत राहिलेल्या उत्पादक कंपनीला नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळतो. २२ टक्क्यांचा दर निवडला, की तो मिळत नाही. म्हणून कमी दर आणि अतिरिक्त घसारा एकाच तक्त्यात दिसला, तर तो तक्ता चुकीचा आहे. आपली कंपनी जुन्या व्यवस्थेत असती आणि अधिभार न लागता तिचा दर २६ टक्के असता, तर पहिल्या वर्षी करघसारा २१ लाख, फरक १७ लाख २० हजार आणि दायित्व ४,४७,२०० रुपये झाले असते.

दर बदलला की

आता पणजीतील घोषणेचा परिणाम कळतो. दायित्व मोजायचे ते यंत्र घेतले त्या वर्षीच्या दराने नव्हे, तर ताळेबंदाच्या तारखेपर्यंत कायद्याने ठरलेल्या आणि फरक उलटताना लागू होणाऱ्या दराने. १० लाखांच्या फरकावर ३४.९४४ टक्क्यांनी ३,४९,४४० रुपयांचे दायित्व होते; दर २५.१६८ टक्के होताच ते २,५१,६८० रुपये उरले. मधले ९७,७६० रुपये त्या वर्षीच्या नफ्यात जमा झाले. कारखान्यात एकही जादा व्हॉल्व्ह न बनता करोत्तर नफा वाढलेला दिसला. उलट, ज्यांच्याकडे जुन्या तोट्यांमुळे आस्थगित कर मालमत्ता साचली होती, त्यांना याच कारणाने नफ्यातून रक्कम कमी करावी लागली.

म्हणून ताळेबंद वाचताना एक पडताळणी पुरेशी बोलकी ठरते. एकूण कराला करपूर्व नफ्याने भागावे. उत्तर लागू दराच्या जवळ असेल, तर घसाऱ्याचा फरक बहुधा नीट मोजला गेला आहे. ते दूर असेल, तर कारण कराच्या टिपेत शोधावे: कायमस्वरूपी नामंजूर खर्च, बदललेला दर, किंवा मोजायचा राहिलेला आस्थगित कर.