पेन्शन वेळेवर जमा झाली नाही तर...

महिनाअखेरीस पासबुक भरून आणावे आणि पेन्शनची नोंदच नसावी, म्हणजे वाण्याच्या बिलापासून औषधांपर्यंत सारेच अडते. अशा वेळी बँकेत नुसत्या खेपा घालून भागत नाही. पत्रच द्यावे लागते.

पत्र लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. केंद्र सरकारची पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते. मार्चची मात्र एप्रिलमध्ये येते, तो उशीर नव्हे. दुसरे म्हणजे, महाराष्ट्र शासनाची पेन्शन कोषागारातून निघते. तिथूनच रक्कम निघाली नसेल, तर बँकेला लिहून काय उपयोग?

आमच्या वन्सं रेल्वेतून निवृत्त झाल्या. पेन्शन 24,000 रुपये. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी शाखेत हयातीचा दाखला दिला होता, तरी डिसेंबरची पेन्शन 31 तारखेला जमा झाली नाही. शाखेत घेतलेला दाखला बँकेच्या पेन्शन केंद्रात नोंदलाच गेला नव्हता! दाखल्याची नोंद नसली की डिसेंबरपासून पेन्शन थांबते. वन्संनी पोच जपून ठेवली होती, तीच कामी आली.

त्यांचे पत्र असे होते :

“मा. शाखा व्यवस्थापक यांस,
विषय : डिसेंबर 2024 ची पेन्शन जमा न झाल्याबाबत.
माझा पी.पी.ओ. नंबर व खाते नंबर वर दिला आहे. 31 डिसेंबरची पेन्शन आजपर्यंत जमा नाही. हयातीचा दाखला मी 12 नोव्हेंबरला दिला असून पोचेची झेरॉक्स सोबत आहे. पेन्शन त्वरित जमा करावी, उशिराचे कारण लेखी कळवावे आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे द. सा. द. शे. 8 दराने व्याज द्यावे.”

घरच्या अडचणी त्यात एका ओळीनेही नाहीत. तारखा आणि नंबर असले, की कारकुनाला कागद शोधावाच लागतो.

या व्याजाची गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. सरकारी पेन्शन बँकेमुळे रखडली, तर हे व्याज बँकेने न मागता, पेन्शनबरोबरच जमा करायचे असते. वन्संची पेन्शन 20 जानेवारीला आली. वीस दिवसांचे व्याज झाले साधारण 105 रुपये. रक्कम लहान खरी, पण ते हक्काचे पैसे!

पत्राच्या दोन प्रती करा. एकीवर शाखेचा शिक्का, तारीख व सही घेऊन ती घरी ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. तिथे आधी बँकेला लेखी कळवल्याचा पुरावा लागतो, आणि ही शिक्क्याची प्रत म्हणजेच तो पुरावा.