शेवटचा एक मिलिलिटर

टाकीत 1000 लिटर आम्लयुक्त सांडपाणी आहे, पीएच 2. आम्ल तीव्र आहे आणि ते 7 वर आणायला 4 टक्के कॉस्टिकचं द्रावण साधारण 10 लिटर लागतं. पहिले 9 लिटर ओतले तरी पीएच जेमतेम 3 होतो. पुढच्या 900 मिलिलिटरला 4, मग 90 ला 5, 9 ला 6. आणि 6 वरून 7 वर न्यायला उरतो फक्त 1 मिलिलिटर!

पीएच 2 ला जुळवलेला कंट्रोलर 7 जवळ येताच घात करतो. व्हॉल्व्ह किंचित उघडला की पीएच 10 वर उडी मारतो, आम्ल सोडलं की 4 वर कोसळतो. आलेखावर करवतीचे दात दिसले, तर दुखणं हेच.

उपाय म्हणजे काम वाटून देणं. पहिल्या टाकीत मोठा व्हॉल्व्ह पीएच 4 पर्यंत आणतो. दुसरीत, जोरदार ढवळत, छोटा व्हॉल्व्ह उरलेलं काम करतो. कंट्रोलरला पीएचऐवजी ‘किती आम्ल उरलं’ हा आकडा वक्ररेषेवरून काढून दिला, तर त्याचं गणित सरळ होतं. मात्र पाण्यात कार्बोनेट किंवा सौम्य आम्लं आली की वक्ररेषाच बदलते. म्हणून नमुन्याचं टायट्रेशन पुन्हा पुन्हा करावंच लागतं.