भाडं बाबांना, हिशेब दोन्ही घरांचा

जानेवारी आला की नोकरदारांकडे ऑफिसातून गुंतवणुकीचे पुरावे मागितले जातात आणि घरोघरी भाडेपावत्यांची शोधाशोध सुरू होते. ज्यांचं घर बाबांच्या नावावर आहे त्यांना कुणीतरी सहकारी हमखास सल्ला देतो: ‘अरे, बाबांच्या सहीच्या पावत्या जोडून टाक, एचआरए मिळतो.’ सल्ला पूर्ण खोटा नाही. आईवडिलांना भाडं देऊन घरभाडे भत्त्यावरची करसवलत घेणं कायद्याला मान्य आहे. फक्त ते भाडं खरोखर दिलेलं असावं लागतं, आणि ज्यांना दिलं त्यांच्या विवरणपत्रात ते उत्पन्न म्हणून दिसावं लागतं. शिवाय 2025-26 पासून कराचे टप्पे इतके बदलले आहेत, की सगळं नीट करूनही फायदा होईलच असं नाही. म्हणून आकडेमोड आधी आणि पावत्या नंतर.

इथले सगळे आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाचे, म्हणजे 1961 च्या आयकर कायद्याखालचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला असल्याने पुढच्या वर्षांसाठी कलमं आणि नियम ताजे पाहावेत.

समजा, निखिल मुंबईत नोकरी करतो. वर्षाचा एकूण पगार 24 लाख. त्यातला मूळ पगार 12 लाख आणि घरभाडे भत्ता 6 लाख. बायको आणि मुलासह तो मुलुंडला आईबाबांबरोबर राहतो. तीन बेडरूमचा फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. आसपास असा पूर्ण फ्लॅट 80 हजारांच्या आगेमागे भाड्याने जातो असं धरू. निखिलच्या वापरात दोन खोल्या आहेत, म्हणून तो बाबांना महिना 45 हजार देतो. आईवडील त्याच घरात राहतात म्हणून भाडं देता येत नाही, असं नाही. मात्र ते वापरातल्या भागाला साजेसं हवं. मुलाला 80 हजारांची पावती आणि स्वतः त्याच घरात मुक्काम, हे कुणालाच पटणार नाही.

सवलत किती मिळते हे तीन रकमा ठरवतात आणि त्यांतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त होते. पहिली म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, 6 लाख. दुसरी म्हणजे मूळ पगाराचा निम्मा भाग, इथेही 6 लाख. तिसरी म्हणजे दिलेल्या भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा करून उरते ती: 5 लाख 40 हजारांतून 1 लाख 20 हजार गेले, उरले 4 लाख 20 हजार. निखिलला एवढीच सवलत. महागाई भत्ता निवृत्तिवेतनासाठी धरला जात असेल तर तोही मूळ पगारात मिळवायचा. ‘निम्मा पगार’ हे माप त्या वर्षी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना होतं. इतरत्र 40 टक्के. रोज लोकलने मुंबईत येणारा ठाणेकर किंवा डोंबिवलीकर 40 टक्क्यांतच मोडतो, कारण नोकरी कुठे आहे यापेक्षा घर कुठे आहे हे पाहिलं जातं. पुणेकरांचंही त्या वर्षी तेच होतं.

खरी गोम पुढे आहे. ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, घरभाडे भत्त्याची सवलत नाही. पण टप्पे मोठे आणि दर सौम्य आहेत. निखिलने नवी प्रणाली घेतली तर कर आणि उपकर मिळून 2 लाख 92 हजार 500 रुपये होतात. भाडंबिडं काही नाही, पावत्या नाहीत, प्रश्नही नाहीत.

आता जुनी प्रणाली. निखिलचे भविष्यनिर्वाह निधी वगैरे मिळून दीड लाख भरलेले आहेत. स्वतःच्या आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्य विम्याचे 75 हजार जातात. नाशिकला घेतलेल्या, पण राहता न येणाऱ्या फ्लॅटच्या कर्जाचं व्याज 2 लाखांपर्यंत वजा होतं. प्रमाणित वजावट 50 हजार, व्यवसाय कर अडीच हजार. यांत भाड्याचे 4 लाख 20 हजार मिळवले की करपात्र उत्पन्न 15 लाख 2 हजार 500 आणि कर 2 लाख 73 हजार 780. म्हणजे नव्या प्रणालीपेक्षा 18 हजार 720 रुपयांनी कमी.

इथे बरेच जण फसतात. भाड्याची सवलत सोडून जुन्या प्रणालीतला कर काढला तर तो 4 लाख 4 हजार 820 येतो, आणि वाटतं, एचआरएने 1 लाख 31 हजार वाचवले. पण त्या कराशी तुलना करण्यात अर्थ नाही, कारण सवलत नसती तर निखिल सरळ नव्या प्रणालीत गेला असता. त्याची खरी बचत 18 हजार 720. नाशिकचं कर्ज नसतं तर तीही नाही. उलट जुन्या प्रणालीत 43 हजारांहून जास्त कर भरावा लागला असता. काही वर्षांपूर्वीचे लेख आणि व्हॉट्सॅपवरचे तक्ते हा फरक सांगत नाहीत. माझं मत विचाराल तर, गृहकर्जाचं व्याज किंवा तशीच मोठी वजावट हाताशी नसलेल्या बहुतेक पगारदारांनी आता बाबांच्या पावत्यांच्या भानगडीत पडू नये.

निखिलने गणित करून पडायचं ठरवलं, तर पुढचा प्रश्न बाबांचा. त्यांना मिळणारं भाडं ‘घरापासूनचं उत्पन्न’ या सदरात येतं. वर्षाच्या 5 लाख 40 हजारांतून त्यांनी त्या वर्षात स्वतः भरलेला मालमत्ता कर वजा होतो. पूर्ण फ्लॅटचा कर 18 हजार असेल, तर भाड्याने दिलेल्या भागापुरते 12 हजार. उरलेल्या 5 लाख 28 हजारांवर दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट 30 टक्के वजावट, मग प्रत्यक्षात रंगकाम केलेलं असो वा नसो. सोसायटीचा देखभाल खर्च वेगळा मागायचा नाही. करपात्र भाडं उरलं 3 लाख 69 हजार 600.

बाबांचं निवृत्तिवेतन महिना 45 हजार आणि ठेवींवरचं व्याज वर्षाला 2 लाख असेल, तर नव्या प्रणालीत निवृत्तिवेतनातून 75 हजार वजा जाऊन त्यांचं एकूण उत्पन्न 10 लाख 34 हजार 600 होतं. 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कराची पूर्ण सूट असल्याने कर शून्य. मुलगा जुन्या प्रणालीत आणि वडील नव्या, याला काहीच हरकत नाही; प्रत्येकाने आपापली निवडायची. मात्र शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यासारखं खास दराचं उत्पन्न असेल, तर त्यावरच्या कराला ही सूट लागू होत नाही.

आता बाबांचं निवृत्तिवेतन 70 हजार आहे असं समजा. भाडं नसताना त्यांचं उत्पन्न 9 लाख 65 हजार, कर शून्य. भाडं धरल्यावर ते 13 लाख 34 हजार 600 होतं, 12 लाखांची रेषा ओलांडली जाते आणि कर 83 हजार 400 च्या जवळ पोचतो. मुलाने 18 हजार 720 वाचवायला वडिलांच्या खिशातून त्याच्या चौपटीहून जास्त घालवले! कुटुंबाचा हिशेब एकत्र मांडला नाही तर हे मार्चनंतर, बाबांचं विवरणपत्र भरताना कळतं.

यावर एक उपाय असतो, पण तो खरेदीखतातच असावा लागतो. फ्लॅट आईबाबा दोघांच्या मालकीचा असेल आणि आईने खरोखर अर्धे पैसे घातले असतील, तर भाडं अर्धं-अर्धं दोघांच्या खात्यात द्यावं. आईला दुसरं उत्पन्न नसेल तर तिचा कर शून्य, आणि बाबाही 12 लाखांच्या आत राहतात. निव्वळ सोयीसाठी आईच्या खात्यात भाडं टाकून चालत नाही; भाडं ज्याचं घर त्याचं उत्पन्न. आणि निखिल स्वतःच सहमालक असेल तर त्याचा दावा लंगडा पडतो, कारण स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याला कायदा ही सवलत देत नाही.

आयकर खातं हे जुळवतं कसं? वर्षाचं भाडं 1 लाखाहून जास्त असेल तर नोकरदाराला घरमालकाचा पॅन मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे द्यावा लागतो आणि कंपनी तो टीडीएसच्या विवरणात खात्याला कळवते. मुलाच्या बाजूने 5 लाख 40 हजार आणि बाबांच्या विवरणपत्रात शून्य, ही तफावत पकडायला कुणी घरी यावं लागत नाही. भाडं महिन्याला 50 हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने 2 टक्के टीडीएस कापून 26QC अर्जाने भरायचा असतो, आणि भाडेकरू पोटचा मुलगा असला तरी यातून सुटका नाही.

आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे 2017 मध्ये असंच एक प्रकरण आलं होतं. एका महिलेने आईला भाडं दिल्याचं सांगून सवलत मागितली होती. भाडं रोखीत दिल्याचं म्हणणं होतं. बँकेचा व्यवहार नव्हता, करारनामा नव्हता, सोसायटीला भाडेकरू असल्याचं पत्र नव्हतं, वीज-पाण्याची बिलं भरल्याचा पुरावा नव्हता. पावत्या होत्या, तरी दावा फेटाळला गेला. अशी खोटी माहिती देऊन उत्पन्न लपवल्याचं ठरलं तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो.

म्हणून निखिलने दर महिन्याच्या ठरावीक तारखेला 45 हजार आपल्या खात्यातून बाबांच्या खात्यात पाठवावेत. मार्चमध्ये एकगठ्ठा पाच-साडेपाच लाख नकोत. लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत असावा असा 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचा दंडक आहे. घरातल्या घरात कुणी तो करत नाही, पण करावा. 11 महिन्यांच्या 4 लाख 95 हजार भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेबाराशेच्या आत, आणि शहरात 1 हजार नोंदणी शुल्क. कामही ऑनलाइन होतं.

आलेलं भाडं बाबांनी खर्च करावं, साठवावं, नातवाच्या शाळेची फी भरावी, तो त्यांचा प्रश्न. पण दर महिन्याला 45 हजार गेले आणि आठवड्यात तेवढेच परत निखिलच्या खात्यात आले, तर ते भाडं उरत नाही. वडिलांनी मुलाला दिलेली भेट करमुक्त असते हे खरं. तरी बँकेच्या उताऱ्यावर हा फेरा सहज दिसतो.

शेवटी तारखेची गोष्ट. कंपनीला काही सांगितलं नाही तर ती नव्या प्रणालीनेच टीडीएस कापते. जानेवारीत पावत्या द्यायच्या राहिल्या तर निखिल विवरणपत्रात जुनी प्रणाली निवडून सवलत मागू शकतो, पण विवरणपत्र मूळ मुदतीच्या आत भरलेलं असेल तरच. मुदत हुकली की त्या वर्षापुरती नवी प्रणाली बांधील होते आणि भाड्याचा दावा उरत नाही. बाबांच्या विवरणपत्रातलं भाड्याचं उत्पन्न मात्र तसंच राहतं.