मक्यावरील बुरशी आणि यकृताची दोन कामे

धार जिल्ह्यातील राजगढहून पश्चिमेकडे झाबुआ ओलांडले की गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा हा डोंगराळ मुलूख लागतो. मक्याची भाकरी हेच तेथील भिल्लांचे मुख्य अन्न. १९७४ साली अवकाळी पावसात तेथील कणसे भिजली, दाण्यांवर बुरशी चढली आणि तोच मका लोकांनी खाल्ला. थोड्याच आठवड्यांत कावीळ झाली, पोटात पाणी साचू लागले. ३९७ माणसे आजारी पडली, त्यांपैकी १०६ दगावली. घरची भाकरी खाणारी कुत्रीही मेली. बुरशीने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष यास कारण होते.

विषाचा निचरा करणारे यकृतच येथे बळी का पडले? अफ्लाटॉक्सिन स्निग्ध पदार्थांत सहज मिसळते, पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे ते लघवीवाटे सहजी बाहेर पडत नाही. अशा द्रव्याला यकृत दोन टप्प्यांत पाण्यात विरघळणारे रूप देते. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम नावाची लोहयुक्त विकरे त्याला प्राणवायूचा एक अणू जोडतात. त्या जागी दुसऱ्या टप्प्यात ग्लुटाथायोनसारखा विद्राव्य रेणू बांधला जातो, आणि ही जोडी पित्तावाटे किंवा लघवीवाटे निघून जाते. अनेक औषधेही याच वाटेने शरीराबाहेर पडतात.

धोका असतो तो या दोन टप्प्यांच्या मध्ये. प्राणवायू जोडला गेल्यावर अफ्लाटॉक्सिन शांत होत नाही, उलट अधिक उग्र होते. ग्लुटाथायोनने त्याला वेळीच गाठले तर ठीक. नाही तर ते पेशीतील प्रथिनांना आणि आनुवंशिक द्रव्याला चिकटते. उंदराचे यकृत हे विष वेगाने बांधते, म्हणून तो बराच तग धरतो. या कामी मंद असलेली प्रयोगशाळेतील पांढरी रॅट मात्र लवकर बळी पडते. माणसाचे विकरही याबाबतीत मंदच आहे.

आता मात्रा पाहा. त्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष आढळले. किलोमागे ६ मिलिग्रॅमचा हिशेब धरला तरी अर्धा किलो मक्यातून रोज ३ मिलिग्रॅम विष पोटात जाते. असे दिवसामागून दिवस चालले की पहिला टप्पा उग्र रूप तयार करीतच राहतो आणि दुसरा मागे पडतो. विषाचा किती अंश निसटला, हे आता रक्तातील अल्ब्युमिनला चिकटलेल्या अफ्लाटॉक्सिनवरून मोजता येते.

भाजल्याने किंवा शिजवल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. म्हणून त्याला अडवायचे ते यकृतात नव्हे, खळ्यातच: कणसे लगेच कडक वाळवून, दाणे कोरडे साठवून आणि बुरशी लागलेला मका गुरांनाही न घालता.